बातमीच्या किंवा पुराव्याच्या फोटोतून माणूस काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो क्रॉप करणं आणि फोटोतला माणूस पुसणं, यात खरंच फरक आहे का? दोन्हींत माणूस दिसेनासाच होतो ना?

फरक आहे, आणि तो आधी नीट पाहिला की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

क्रॉप म्हणजे चौकट लहान करणं. चौकटीच्या आत जे उरतं ते कॅमेऱ्याने टिपलेलंच असतं. वाचकालाही ठाऊक असतं, की प्रत्येक फोटोला कडा असतात आणि कडेपलीकडे जग असतं. पुसण्यात मात्र चौकटीच्या आतच काहीतरी नव्याने तयार करावं लागतं. माणूस उभा होता तिथे वाळू, भिंत किंवा आकाश भरावं लागतं. म्हणजे ‘इथे कुणी नव्हतं, इथे वाळू होती’ असं फोटो स्वतःच सांगू लागतो. ते खोटं असतं आणि ते वाचकाला कळायला काही मार्ग नसतो.

म्हणून बहुतेक वृत्तसंस्थांच्या नियमांत हे दोन वेगळे धरले आहेत. असोसिएटेड प्रेसच्या नियमानुसार फोटोतली कोणतीही गोष्ट डिजिटल पद्धतीने वाढवता येत नाही आणि काढताही येत नाही. क्रॉप करणं, उजेड-अंधार थोडा सावरणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं, एवढ्याला परवानगी आहे.

पण ‘क्रॉप चालतो, पुसणं चालत नाही’ एवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. तंत्राचा प्रश्न एक आणि अर्थाचा प्रश्न दुसरा. फोटोला या दोन्हींची उत्तरं द्यावी लागतात.

एकाच फोटोत क्रॉप आणि पुसणं, दोन्ही झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि हा विषय शिकवायची वेळ आली की मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

एप्रिल 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला. 11 कामगार गेले आणि समुद्रात तेल वाहत राहिलं. 28 मे रोजी अध्यक्ष ओबामा लुइझियानाच्या किनाऱ्यावर गेले. तिथे रॉयटर्सचे छायाचित्रकार लॅरी डाउनिंग यांनी काढलेल्या फोटोत तीन माणसं आहेत : ओबामा, तटरक्षक दलाचे अॅडमिरल थॅड अॅलन आणि लाफूर्श या स्थानिक विभागाच्या निर्वाचित प्रमुख शार्लट रँडॉल्फ. ओबामांची मान खाली आहे, नजर वाळूकडे आहे. लांबवर समुद्रात एका तेलमंचाचा सांगाडा दिसतो.

19 जून 2010 च्या ‘द इकॉनॉमिस्ट’च्या मुखपृष्ठावर हाच फोटो आला, पण त्यात माणूस एकच होता. अॅलन क्रॉपमध्ये गेले होते. रँडॉल्फ ओबामांच्या इतक्या जवळ उभ्या होत्या, की क्रॉपने त्यांना बाहेर ठेवता आलं नसतं. म्हणून त्यांना पुसलं गेलं आणि त्यांच्या जागी किनारा आणि पाणी भरलं गेलं.

आता अर्थाचं काय झालं ते पाहा. मूळ फोटोत खाली झुकलेली मान ही ऐकणाऱ्याची, किंवा वाळूतलं काहीतरी पाहणाऱ्याची मान आहे. शेजारी स्थानिक प्रतिनिधी आहे, अधिकारी आहे, म्हणजे तिथे काम चाललं आहे. दोघं गेल्यावर मान तीच, अंगाची ठेवण तीच, पण आता तो एकटा पडलेला, खचलेला माणूस दिसतो. त्यावर मथळा असा, की नुकसान तेलगळतीच्याही पलीकडचं आहे. मथळा वाचला की नजर त्या वाकलेल्या मानेवर जाते आणि वाचक दोन्ही एकत्र जोडतो.

ओबामांना कुणी हातही लावला नव्हता. त्यांच्याभोवतीची माणसं काढताच त्यांच्या देहबोलीचा अर्थ पालटला. फोटोत माणूस जसा स्वतःच्या चेहऱ्याने बोलतो, तसाच शेजारच्याशी असलेल्या अंतरानेही बोलतो.

पण संपादकांचा हेतू वाईट नसेल तर?

त्या अंकाची जबाबदारी असलेल्या उपसंपादक एमा डंकन यांनी जाहीर उत्तर दिलं होतं. रँडॉल्फ यांना काढायला आपणच सांगितलं, हे त्यांनी लपवलं नाही. अनोळखी बाई पाहून वाचक गोंधळला असता, लक्ष ओबामांवर राहावं असं वाटत होतं, त्यांना एकटं दाखवण्याचा हेतू नव्हता आणि मथळ्यातलं नुकसान हे ओबामांचं नसून अमेरिकेतल्या उद्योगांचं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रॉयटर्सने आपला नियम सांगितला : परवानगीशिवाय फोटोत काही बदलणं, काढणं किंवा वाढवणं चालत नाही.

डंकन खरं सांगत होत्या, यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे. तरी त्याने काही सुटत नाही. वाचकाच्या हातात मुखपृष्ठ असतं, संपादकाचं मन नसतं. हेतू चांगला होता की वाईट, यावरून काढणाऱ्याला किती दोष द्यायचा ते ठरेल. फोटो खरं सांगतो की नाही, ते त्यावरून ठरत नाही.

त्या उत्तरातली ‘अनोळखी बाई’ ही अडचण मला जास्त खटकते. अनोळखी माणूस फोटोत असेल तर फोटोओळीत त्याचं नाव लिहायचं. फोटोओळ असते कशासाठी? रँडॉल्फ त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या प्रतिनिधी होत्या. त्या दिवशी त्या तिथे असणं हा बातमीचाच भाग होता.

2011 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘दी त्साइटुंग’ या कर्मठ ज्यू साप्ताहिकाने ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईच्या वेळचा व्हाइट हाउसमधला प्रसिद्ध फोटो छापला आणि त्यातून तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन व दहशतवादविरोधी विभागाच्या अधिकारी ऑड्री टॉमसन यांना पुसून टाकलं. कारण धार्मिक होतं : स्त्रियांचे फोटो छापायचे नाहीत. त्यांनी नंतर माफी मागितली. कुणाची श्रद्धा स्त्रीचा फोटो छापू देत नसेल, तर तो फोटो न छापण्याचा मार्ग मोकळा आहे. पण निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत एकही स्त्री नव्हती, असं दाखवणारा फोटो तयार करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

मग क्रॉपला मर्यादाच नाही का? चौकटीच्या आत काही खोटं नसेल तर हरकत काय?

इथे दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर बरं.

पहिली 2010 ची. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्तेपान रूदिक या छायाचित्रकाराला रस्त्यावरच्या मारामारीच्या मालिकेसाठी बक्षीस मिळालं होतं. त्यातल्या एका फोटोत लढणाऱ्याच्या हाताला पट्टी बांधली जात आहे. मूळ फाइल मागवल्यावर दिसलं, की मोठ्या फोटोतला छोटासा तुकडा कापून, त्याला कृष्णधवल आणि खरबरीत करून हा फोटो बनवला होता. त्याला हरकत घेतली गेली नाही. बक्षीस गेलं ते वेगळ्या कारणाने : मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाचा थोडासा भाग बोटांच्या फटीतून दिसत होता, तो पुसला होता.

दुसरी जानेवारी 2020 ची. दावोसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एकत्र उभ्या राहिल्या : युगांडाच्या व्हनेसा नाकाते, लुइझा नॉयबाउअर, ग्रेटा थुनबर्ग, इझाबेल अॅक्सेलसन आणि लुकिना टिल. नाकाते डावीकडच्या टोकाला होत्या. असोसिएटेड प्रेसने जो फोटो पाठवला त्यात चौघीच होत्या. नाकाते क्रॉपमध्ये गेल्या होत्या. त्या पाचांतल्या एकट्या त्याच आफ्रिकेच्या आणि कृष्णवर्णीय होत्या. संस्थेचं स्पष्टीकरण असं, की मागे एक इमारत लक्ष विचलित करत होती म्हणून रचनेसाठी क्रॉप केला. नाकाते म्हणाल्या, की तुम्ही फक्त एक फोटो पुसला नाहीत, एक अख्खा खंड पुसलात.

रूदिकच्या फोटोत एकही नवा अर्थ आला नव्हता, पण नियम मोडला होता. नाकाते यांच्या फोटोत एक पिक्सेलही खोटा नव्हता, नियमाप्रमाणे क्रॉपला परवानगीच होती, तरी अर्थ बदलला होता. ‘तरुण कार्यकर्त्या’ म्हणून जगभर गेलेल्या फोटोत सगळ्या युरोपच्या आणि गोऱ्या उरल्या.

तंत्राचा नियम आवश्यक आहे, कारण ‘एवढ्याने काय होतंय’ हे ठरवण्याचा अधिकार घाईत असलेल्या माणसाच्या हाती नसावा. पण तो पाळला म्हणजे आपण सुटलो, असं समजणाऱ्याच्या हातूनच दुसऱ्या प्रकारची चूक होते. माझ्याही हातून झाली आहे. दोघींना मिळून मिळालेल्या पुरस्काराचा फोटो मी एका कॉलमात बसवायला म्हणून छाटला होता. दुसऱ्या दिवशी राहून गेलेल्या बाईंचा फोन आला. त्यांचं एकच विचारणं होतं : ‘मी तिथे होते ना?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलमची रुंदी हे उत्तर होऊ शकत नव्हतं.

कामाच्या घाईत कसं ठरवायचं, की हा क्रॉप चालेल आणि तो चालणार नाही?

मी एक सवय लावून घेतली आहे. क्रॉप करण्याआधी फोटोओळ आणि मथळा लिहायचा, तो पूर्ण फोटोशेजारी ठेवून वाचायचा आणि मग क्रॉपशेजारी ठेवून वाचायचा. गेलेला माणूस परत आला तर ते वाक्य खोटं ठरेल का, किंवा वेगळं वाचलं जाईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो माणूस बातमीचा भाग आहे आणि त्याला काढता येणार नाही.

उदाहरणार्थ, सभेत बोलणाऱ्या नेत्याचा फोटो आहे आणि कडेला ध्वनिक्षेपकाची वायर सावरणारा माणूस आहे. ‘नेते सभेत बोलताना’ या वाक्याला त्या माणसाने काही फरक पडत नाही, त्यामुळे क्रॉप चालेल. पण ओळ ‘रिकाम्या व्यासपीठावर एकटेच’ अशी असेल तर तोच वायरवाला त्या ओळीला खोटं पाडतो. माणूस तोच, क्रॉप तोच, बदललेलं असतं ते वाक्य. म्हणून क्रॉप योग्य की अयोग्य, हे फोटोओळ पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि ओळ नंतर दुसऱ्या कुणी बदलली, तर क्रॉप पुन्हा तपासावा लागतो. हे बहुतेक ठिकाणी होत नाही आणि चुका नेमक्या तिथेच होतात. फोटो निवडणारा एक, मथळा देणारा दुसरा, आणि त्या दोघांना एकत्र वाचणारा फक्त वाचक.

दुसरी गोष्ट पाहायची ती नात्याच्या रेषांची. कुणाची नजर कुणाकडे आहे, कुणाचा हात कुणाच्या अंगावर आहे, कुणाची सावली कुणावर पडली आहे? क्रॉपची कड अशी रेष कापत असेल तर थांबायचं. घाबरलेला चेहरा ठेवला आणि तो ज्याला घाबरला आहे तो गेला, तर चेहरा खरा असूनही भीतीचं कारण वाचक स्वतःच भरणार. ते कारण बहुधा शेजारच्या बातमीतून उचलेल.

पुराव्याच्या फोटोला वेगळे नियम का?

कारण बातमीचा फोटो पाहणारा त्यावरून मत बनवतो, तर पुराव्याच्या फोटोवरून कुणाच्या तरी स्वातंत्र्याचा निर्णय होतो. शिवाय पुराव्यात ‘महत्त्वाचं काय’ हे काढणाऱ्याला आधी माहीत नसतं. आज कडेला उभा असलेला बघ्या तीन महिन्यांनी एकमेव साक्षीदार ठरू शकतो, किंवा खरा आरोपी. तो कापून टाकणाऱ्याने कुणाचाही पक्ष घेतलेला नसतो, तरी त्याने तपासाची एक वाट बंद केलेली असते.

एक कल्पित प्रसंग तपशिलाने पाहू. जिन्यावर भांडण झालं. एकाने मोबाइलवर फोटो काढला, 4000 × 3000 पिक्सेलचा. डावीकडे अ हा माणूस आहे, हातात लोखंडी दांडा, हात वर. मध्यभागी ब, पाठमोरा, थोडा वाकलेला. उजव्या कडेला, निम्म्या अंधारात, क पायरीवर पडलेला आहे आणि ब चा गुडघा त्याच्या छातीवर आहे.

तक्रारीसोबत आलेल्या फोटोत फक्त अ आणि ब आहेत. तो पाहणारा म्हणेल : दांडा उगारलेला माणूस पाठमोऱ्या, बेसावध माणसावर हल्ला करतो आहे. पूर्ण फोटो पाहणाऱ्याला दुसरी शक्यता दिसते : ब ने क ला दाबून धरलं आहे आणि अ त्याला सोडवायला धावला आहे. आता घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी इथेही थांबावं. पूर्ण फोटोने अ निर्दोष ठरत नाही. कदाचित अ ने आधीच क ला पाडलं असेल आणि ब त्याला उठवत असेल. एका फोटोने ते कळणार नाही. पूर्ण फोटो एवढंच करतो, की योग्य प्रश्न समोर आणतो. क्रॉपने तो प्रश्न पडण्याआधीच संपवला होता.

अशा वेळी तपासणाऱ्याने पूर्ण फ्रेम तर मागावीच, पण त्याच मोबाइलवरचे आधीचे आणि नंतरचे फोटोही मागावेत. फोटो काढणाऱ्याने मोबाइल कुठे धरायचा हे ठरवलं तेव्हा पहिला क्रॉप झालेलाच असतो. त्याने चार पावलं मागे जाऊन काढलेला दुसरा फोटो असेल, तर तो सोन्याच्या मोलाचा.

पुराव्यात क्रॉप करावाच लागतो. चेहरा किंवा जखम मोठी करून दाखवायची असते. ते कसं करायचं?

करायला हरकत नाही. अट एकच : कुणालाही क्रॉपवरून मुळाकडे परत जाता आलं पाहिजे.

पहिलं काम, मूळ फाइलला हात न लावता तिचा हॅश काढून नोंदवणं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पार बदलतो.

```
sha256sum asal.jpg
```

त्यानंतर सगळं काम प्रतीवर करायचं. क्रॉप हाताने ओढून न करता आकडे देऊन केला, तर तो दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा पुन्हा करता येतो. वरच्या प्रसंगात अ चा दांडा मोठा करून दाखवायचा असेल तर :

```
magick prat.jpg -crop 1800x1350+420+600 +repage A-1.png
```

याचा अर्थ, डाव्या कडेपासून 420 आणि वरून 600 पिक्सेल सोडून तिथून 1800 रुंद व 1350 उंच तुकडा घेतला. पीएनजीमध्ये जतन केल्याने तो तुकडा पुन्हा जेपीईजीत दाबला जात नाही आणि कडा आणखी खराब होत नाहीत. ही आज्ञा नोंदवहीत जशीच्या तशी लिहायची, तारीख आणि करणाऱ्याच्या नावासह.

मग सादर करताना आधी पूर्ण फोटो, त्यावर क्रॉपची चौकट रेषेने आखलेली, आणि त्यानंतर तुकडा. हा क्रम बदलू नये. तुकडा आधी पाहिला की डोक्यात एक गोष्ट तयार होते, आणि नंतर पूर्ण फोटो दाखवला तरी माणूस त्यात तीच गोष्ट शोधत राहतो.

पुराव्याच्या फोटोतून माणूस पुसायची वेळ मात्र कधीच येत नाही. ‘गर्दी कमी केली म्हणजे मुद्दा स्पष्ट दिसेल’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला बाण काढून द्यावा, वर्तुळ काढून द्यावं, बाकीचा भाग फिकट करून द्यावा.

पीडित व्यक्तीची किंवा लहान मुलाची ओळख लपवायची असेल तर? तेव्हा तर काढावंच लागेल ना?

लपवायचं, पुसायचं नाही. फरक शब्दांचा वाटेल, पण सगळा प्रश्न त्यातच आहे.

चेहऱ्यावर काळी पट्टी किंवा एकसंध रंगाचा चौकोन असेल, तर फोटो प्रामाणिकपणे सांगतो : इथे कुणीतरी आहे आणि तुम्हाला ते कोण हे कळू नये असं ठरवलं आहे. माणसांची संख्या तीच राहते, अंतरं तीच राहतात, कोण कुणाच्या शेजारी होतं हे तसंच राहतं. त्या मुलाच्या जागी भिंत भरली, तर ते मूल घटनास्थळी नव्हतंच, असं विधान होतं. पुढे तेच मूल साक्ष द्यायला उभं राहिलं, तर हाच फोटो त्याच्याविरुद्ध वापरला जाईल.

धूसर करताना एक काळजी घ्यावी. हलकं धूसर केलेला चेहरा ओळखीच्या माणसाला ओळखू येतो. पीडित व्यक्तीला धोका बहुधा ओळखीच्याच लोकांपासून असतो. म्हणून पूर्ण झाकणारा चौकोनच बरा, आणि कपडे, गोंदण, मागची पाटी यांकडेही पाहावं. झाकल्यावर फाइल एका थरात सपाट करून जतन करावी, नाहीतर वरचा थर उचलला की चेहरा उघडा. फोटोओळीत एक वाक्य : ‘ओळख लपवण्यासाठी चेहरा झाकला आहे.’

काही संस्था चेहरा झाकलेलाही चालवून घेत नाहीत. त्या पाठीमागून घेतलेला किंवा नुसत्या हातांचा दुसरा फोटो वापरतात. वेळ असेल तर तोच मार्ग उत्तम. छायाचित्रकाराने जागेवरच तसा एक फोटो काढून ठेवला, तर डेस्कवरचा अर्धा त्रास वाचतो.

फोटोतून कुणाला तरी काढलं आहे, हे कसं ओळखता येईल?

खात्रीने ओळखता येईलच असं नाही. पण काही खुणा शोधता येतात.

क्रॉपसाठी आधी फोटोचं प्रमाण पाहावं. बहुतेक मोबाइल 4:3 आणि बहुतेक मोठे कॅमेरे 3:2 या प्रमाणात फोटो काढतात. 6000 × 4000 च्या कॅमेऱ्याचा फोटो 4370 × 4000 आला, तर बाजूने काहीतरी गेलं आहे. पण वर आपण केलेला 1800 × 1350 चा तुकडा पाहा : तो बरोबर 4:3 आहे, म्हणून ही चाचणी त्याला पकडणार नाही. प्रमाण बिघडलेलं असेल तर शंका घ्यावी. बरोबर असेल तर निश्चिंत होऊ नये.

कधी कधी फाइलच्या पोटात छोटं पूर्वचित्र दडलेलं असतं. काही सॉफ्टवेअर मोठा फोटो कापतात आणि हे छोटं चित्र जुनंच राहून जातं. ते बाहेर काढायला :

```
exiftool -b -ThumbnailImage photo.jpg > chhota.jpg
```

छोट्या चित्रात जास्त माणसं दिसली तर उत्तर मिळालं. मेसेजिंग अॅपमधून फिरून आलेल्या फाइलीत ही माहिती बहुधा गळून गेलेली असते, त्यामुळे काही न सापडणं हा कशाचाच पुरावा नाही.

पुसलेल्या माणसाच्या खुणा वेगळ्या. मालक नसलेली सावली, पाण्यात किंवा काचेत उरलेलं प्रतिबिंब, खांद्यावर कुठूनही न आलेली बोटं. भरलेल्या जागेत वाळूचा किंवा गवताचा तोच ठिपका दोनदा दिसतो. भिंतीची रेष किंवा क्षितिज त्या जागी किंचित मोडतं. आसपास सेन्सरचा बारीक दाणा असतो आणि तेवढाच भाग गुळगुळीत दिसतो.

2007 मध्ये अमेरिकेतल्या ‘टोलेडो ब्लेड’च्या छायाचित्रकाराचं प्रकरण असंच उघडकीला आलं. अपघातात सहकारी गमावलेला कॉलेजचा बेसबॉल संघ मैदानावर गुडघे टेकून बसल्याचा फोटो त्याने दिला होता. त्याच वेळी तिथे इतर वृत्तपत्रांचेही छायाचित्रकार होते आणि त्यांच्या फोटोंत मागच्या फलकाखाली कुणाचे तरी पाय दिसत होते. याच्या फोटोत ते नव्हते. शोध घेतल्यावर त्या वर्षातले त्याचे बदललेले 79 फोटो सापडले. सॉफ्टवेअरने नव्हे, शेजाऱ्याच्या फोटोने त्याला पकडलं. म्हणून शंका आली की त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातले फोटो शोधणं, हा माझ्या मते पहिला उपाय आहे.

‘हे मुखपृष्ठ आहे, बातमी नाही’ असं म्हटलं तर चालतं का?

चित्र आहे हे पाहताक्षणी कळत असेल तर चालतं. नेत्याच्या डोक्याला रंगीत पट्टी गुंडाळलेली असेल, तो ढगावर बसलेला असेल, तर कुणाची फसवणूक होत नाही. खऱ्या किनाऱ्यावर खऱ्या माणसाचा खऱ्यासारखा दिसणारा फोटो असेल, तर वाचक त्याला फोटोच समजणार. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘संकल्पचित्र’ छापलं तरी भरपाई होत नाही, कारण मुखपृष्ठ पाहणारे सगळे आतलं पान उघडत नाहीत.

फोटोतला माणूसच म्हणाला, ‘मला काढा’, तर?

विनंती ऐकायची, कारण विचारायचं. धोका खरा असेल तर चेहरा झाका किंवा फोटोच मागे घ्या. लाज वाटते, राजकीय अडचण होते, आता त्या लोकांशी पटत नाही, अशी कारणं असतील तर नम्रपणे नाही म्हणा. त्या दिवशी तो माणूस तिथे होता. संग्रहातला जुना फोटो आजच्या सोयीने बदलायला सुरुवात झाली, की प्रत्येक पक्षाला आपापला इतिहास हवा असतो.

चूक छापून गेली. आता काय करायचं?

फाइल गुपचूप बदलू नका. नाकाते यांच्या बाबतीत रोष वाढला तो काहीसा याचमुळे : आधी फोटो बदलला गेला, मग इमारतीचं कारण आलं, आणि कार्यकारी संपादक सॅली बझबी यांची माफी त्यानंतर आली. रचनेचं कारण खरं असेलही, पण ज्या व्यक्तीला काढलं तिला ते ऐकून काय मिळणार होतं?

दुरुस्तीत चार गोष्टी असाव्यात. कोणता फोटो, कधी प्रसिद्ध झाला. त्यात कोण नव्हतं, त्यांचं नाव आणि त्या तिथे कशासाठी होत्या. काय केलं होतं : क्रॉप की पुसणं, हे त्याच शब्दात. आणि पूर्ण फोटो, पहिल्याइतक्याच मोठ्या आकारात. ज्यांना तो फोटो पुढे पाठवला होता त्या सगळ्यांना कळवा, कारण त्यांच्याकडची जुनी फाइल आपोआप बदलत नाही. साधारण असं लिहिता येईल :

‘काल पान 3 वर छापलेल्या बैठकीच्या फोटोतून डावीकडे बसलेल्या संघटनेच्या सचिव क्रॉपमध्ये वगळल्या गेल्या होत्या. त्या बैठकीत सहभागी होत्या आणि निवेदन त्यांनीच दिलं होतं. फोटोमुळे बैठक फक्त अधिकाऱ्यांची होती असा समज झाला. तो चुकीचा आहे. पूर्ण फोटो सोबत देत आहोत.’

छापण्याआधी हा मजकूर त्या बाईंना फोनवर वाचून दाखवा. नाव आणि पद बरोबर आहे ना, हे त्यांनाच विचारा.